राग खोलीतलं पोतं खाली उतरवा : आमच्या शाळेला एका पालकाचं खुलं पत्र

माननीय मुख्याध्यापिका बाई, समुपदेशक मॅडम आणि पालक-शिक्षक संघाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा जिन्याखालच्या जुन्या क्रीडासाहित्याच्या खोलीत आपण 'राग खोली' सुरू केलीत. छताच्या हुकाला वाळू आणि चिंध्या भरलेलं कॅनव्हासचं पोतं टांगलं, हातमोजे ठेवले, दोन जुन्या गाद्या भिंतीला लावल्या आणि दारावर 'राग इथे काढा, वर्गात नको' अशी पाटी लावली. पालकांना आलेल्या पत्रकात लिहिलं होतं की मुलांच्या मनात साठलेल्या रागाला यातून सुरक्षित वाट मिळेल. त्यामागचा हेतू मला मनापासून पटला आणि आजही पटतो. चिडलेल्या मुलाला छडी न मारता, वर्गाबाहेर उभं न करता त्याच्या रागाकडे बघणारी शाळा मिळणं ही साधी गोष्ट नाही. म्हणूनच हे पत्र लिहायला मला तीन महिने लागले. पण आता लिहायलाच हवं, कारण त्या खोलीत जे घडतंय त्याने राग निघून जात नाही. तो टिकतो, आणि पुष्कळदा वाढतो.

आधी माझ्या घरातलं सांगते. माझा मुलगा सातवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने केलेल्या पवनचक्कीची पाती वर्गातल्या एका मुलाकडून मोडली. मुद्दाम की चुकून, यावर दोघांचं आजही एकमत नाही. बाईंनी माझ्या मुलाला राग खोलीत पाठवलं. तिथल्या पद्धतीप्रमाणे ज्याचा राग आलाय त्याचं नाव कागदावर लिहून पोत्याला चिकटवायचं आणि मग मारायचं. त्याने तसं केलं. बाहेर पडताना वहीत 'बरं वाटलं' या चौकटीवर खूण केली. घरी आला तो तेच सांगत. कसं मारलं, कागद कसा फाटला, दुसरा कागद कसा लावला. जेवताना तेच, झोपताना तेच. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याने त्या मुलाला पायरीवरून ढकललं. सुदैवाने लागलं नाही. त्याला पुन्हा राग खोलीत पाठवलं गेलं, पुन्हा तेच नाव, पुन्हा 'बरं वाटलं'. तिसऱ्या आठवड्यात पवनचक्कीचा विषय मागे पडला होता, पण त्या मुलाचं नाव आमच्या घरात रोज येत होतं.

एका मुलावरून सिद्धांत मांडायचा नसतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते आणि हे मी दरवर्षी मुलांना बजावते. म्हणून माझ्या मुलाला बाजूला ठेवते आणि एका प्रयोगाकडे वळते. तो वाचताना आपल्याला आपल्याच खोलीची आठवण होईल.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयातले 600 विद्यार्थी घेतले, 300 मुलगे आणि 300 मुली. प्रत्येकाला गर्भपाताच्या प्रश्नावर, आपल्याला पटेल त्या बाजूने, एक निबंध लिहायला सांगितला. तो निबंध दुसरा एक विद्यार्थी तपासणार आहे असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात असा कोणी विद्यार्थी नव्हताच. निबंध परत आला तो अतिशय कमी गुण घेऊन आणि शेवटी हाताने लिहिलेल्या एका शेऱ्यासह : मी वाचलेल्या सर्वांत वाईट निबंधांपैकी हा एक आहे. स्वतःच्या मताबद्दल मनापासून लिहिल्यावर असा शेरा मिळाला तर कोणाचंही डोकं तापेल. त्यांचंही तापलं.

मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची तीन गटांत वाटणी झाली. पहिल्या गटाला मुष्टियुद्धाचं पोतं आणि हातमोजे दिले. मारताना ज्याने तुमचा निबंध तपासला त्याचा विचार करा असं सांगितलं आणि पडद्यावर त्याचा म्हणून एक फोटो दाखवला. दुसऱ्या गटाला तेच पोतं, तेच हातमोजे, पण सूचना वेगळी होती : तुमचं शरीर तंदुरुस्त होतंय असा विचार करत मारा. त्यांना खेळाडूचा फोटो दाखवला. दोन्ही गटांना हवं तितकं आणि हवं तेवढ्या जोरात मारायची मुभा होती. तिसऱ्या गटाने काहीच केलं नाही. ते दोन मिनिटं नुसते शांत बसले.

यानंतर सगळ्यांचा राग मोजला, आणि मग मुख्य कसोटी घेतली. त्याच टीकाकाराबरोबर बटण दाबण्याच्या शर्यतीचा एक खेळ होता. जो जिंकेल त्याने हरणाऱ्याच्या कानात कर्कश आवाज सोडायचा. आवाज किती मोठा आणि किती वेळ, हे जिंकणाऱ्याने ठरवायचं. पातळ्या 60 डेसिबलपासून 105 डेसिबलपर्यंत होत्या. पहिली म्हणजे साधं बोलणं, शेवटची जवळजवळ आगीची धोक्याची घंटा. आवाज अजिबात सोडायचा नसेल तर तीही सोय होती. म्हणजे कोणाच्या मनात किती सूड उरलाय, हे त्याच्या बोटांनीच सांगायचं होतं.

साठलेला राग ठोशांनी रिकामा होतो हे खरं असतं तर पहिला गट सर्वांत शांत निघायला हवा होता. ज्याचा राग आला त्याचा चेहरा समोर ठेवून त्यांनी मनसोक्त ठोसे मारले होते. झालं उलट. सर्वांत रागावलेले तेच होते आणि सर्वांत मोठा, सर्वांत लांब आवाज त्यांनीच सोडला. तंदुरुस्तीचा विचार करत मारणाऱ्यांना राग कमी होता, पण आक्रमकतेत ते मधल्या जागी राहिले. सर्वांत कमी आक्रमक ठरला तो नुसता बसून राहिलेला गट. त्यांना कोणी श्वास शिकवला नव्हता, समजूत घातली नव्हती, ध्यान करवलं नव्हतं. दोन मिनिटं खुर्चीवर बसणं पोत्यापेक्षा सरस ठरलं.

आता आपल्या खोलीतला तो नावाचा कागद आठवा. फोटोच्या जागी आपण नाव चिकटवतो, एवढाच फरक. तीन गटांपैकी ज्या गटाचे हाल सर्वांत वाईट झाले, नेमकी त्याचीच रचना आपण सातवीच्या मुलांसाठी जिन्याखाली उभी केली आहे. हे जाणूनबुजून झालेलं नाही. माझी तक्रार हेतूबद्दल नाही, तिथल्या पोत्याबद्दल आहे.

असं का होतं, यामागे दोन गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींना धरून चालतात.

एक गोष्ट शरीराची. राग येतो तेव्हा छाती धडधडते, रक्तदाब वाढतो, श्वास उथळ आणि भरभर होतो, मुठी वळतात. अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरलेलं असतं. जोरजोरात ठोसे मारले की हेच सगळं आणखी वाढतं, कारण ठोसे मारायला शरीराला हीच तयारी लागते. शरीर खवळलेलं असताना मन त्या खवळण्याला जवळ जे कारण दिसेल ते चिकटवतं. 1972 साली डॉल्फ झिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी डिवचलेल्या माणसांना व्यायामाची सायकल मारायला लावली. नंतर संधी मिळाली तेव्हा त्यांनी डिवचणाऱ्याला जास्त त्रास दिला. ज्यांना कोणी डिवचलंच नव्हतं, त्यांच्यावर सायकलचा असा परिणाम झाला नाही. सायकलमुळे वाढलेली धडधड रागाच्या खात्यात जमा झाली, असं म्हणता येईल. आणि ही धडधड आपल्याला वाटतं त्यापेक्षा हळू उतरते. श्वास लागायचा थांबला, घाम पुसला की मुलाला वाटतं आपण शांत झालो. आत शरीर अजून तापलेलंच असतं, आणि नेमका तेव्हाच तो वर्गात परत जाऊन त्या मुलाच्या मागच्या बाकावर बसतो.

दुसरी गोष्ट मनाची. मराठीत आपण 'उगाळणं' म्हणतो. सहाणेवर खोड फिरत राहिलं की गंध येत राहतं. राग उगाळणं तसंच आहे. पाती मोडण्याचा तो एक क्षण खरं तर संपलेला असतो. प्रत्येक ठोशाबरोबर मुलगा तो क्षण पुन्हा उभा करतो, त्या मुलाचं हसू पुन्हा पाहतो, 'मुद्दामच केलं त्याने' हे वाक्य पुन्हा म्हणतो. दहा ठोसे म्हणजे त्या प्रसंगाची दहा पारायणं. दर वेळी ते हसू थोडं अधिक कुत्सित होत जातं. बुशमनच्या प्रयोगात पोतं आणि हातमोजे तेच असूनही पहिला गट दुसऱ्यापेक्षा वाईट निघाला, तो या उगाळण्यामुळे.

इथे समुपदेशक मॅडम मला एक प्रश्न विचारतील, आणि तो रास्त आहे. मुलं वहीत 'बरं वाटलं' असं लिहितात, ते खोटं का?

खोटं नाही. बरं वाटतंच. पण बरं वाटणं आणि राग उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली वही फक्त पहिली मोजते. खाज सुटल्यावर खाजवलं की किती सुख होतं! त्या सुखामुळेच आपण पुन्हा खाजवतो आणि गांधी वाढते. मारल्यावर मिळणारं सुख मुलाला हे शिकवतं की राग आला की मारायचं आणि मारलं की बरं वाटतं. ही शिकवण पोत्यापाशी थांबावी अशी आपली अपेक्षा आहे, पण ती थांबवणारं त्या खोलीत काहीच नाही. आपल्याला खरोखर पडताळून पाहायचं असेल तर वहीतला प्रश्न बदला. खोलीतून बाहेर पडल्यावर पुढच्या दोन तासिकांत त्या मुलाचं त्या दुसऱ्या मुलाशी काय झालं? तेच नाव घेऊन तो पंधरा दिवसांत किती वेळा परत आला? पोत्याने काम केलं असेल तर नावं बदलत जातील आणि फेऱ्या कमी होतील. माझ्या मुलाच्या पाच फेऱ्या झाल्या आणि पाचही वेळा नाव एकच होतं.

पोत्याची ही कल्पना एवढी सहज पटते कशी, याचाही मी बराच विचार केला. कारण ती आपल्या भाषेतच मुरलेली आहे. राग 'साठतो', 'उफाळतो', आपण तो 'गिळतो' आणि मग 'काढतो'. माणूस 'आतल्या आत धुमसतो'. 'कुकरची शिट्टी होऊ दे, नाहीतर फुटेल' हे तर रोजचं. आपल्या समीक्षेत अ‍ॅरिस्टॉटलच्या कॅथार्सिससाठी 'विरेचन' हा शब्द रुळला आहे. तो आयुर्वेदातल्या पंचकर्मांपैकी एक, आणि त्याचा अर्थ पोट साफ करणं. शब्दच असा निवडला गेला की आत काही साचलंय आणि ते बाहेर टाकलं की बरं वाटेल हे गृहीत धरलं जातं. गंमत म्हणजे अ‍ॅरिस्टॉटल बोलत होता ते शोकांतिका पाहताना प्रेक्षकाच्या मनात जागणाऱ्या करुणेबद्दल आणि भीतीबद्दल. कोणाला काही बडवायला त्याने सांगितलं नव्हतं. वैद्यकात ही कल्पना आणली ती व्हिएन्नामधल्या योसेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी, 1895 साली उन्मादावर लिहिलेल्या पुस्तकात. दाबलेली भावना बोलून बाहेर काढली की लक्षणं जातात असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या एका रुग्ण स्त्रीने या उपचाराला 'धुराडं साफ करणं' असं नाव दिलं होतं. फ्रॉइड स्वतः ती पद्धत मागे टाकून पुढे गेला. धुराड्याची प्रतिमा मात्र राहिली, आणि सत्तर-ऐंशी वर्षांनी अमेरिकेत उशा बडवण्याचे आणि किंकाळ्या फोडण्याचे उपचार आले तेव्हा तीच कामाला आली.

कुकरचाच दाखला घ्यायचा तर तो पुरता घेऊ या. शिट्टी झाली की थोडी वाफ जाते, पण खाली गॅस तेवढाच असतो, म्हणून दुसरी शिट्टी होते, मग तिसरी. डाळ शिजल्यावर आपण शिट्ट्या मोजत बसत नाही, गॅस बंद करतो. पोतं हे शिट्टीचं काम करतं, आणि मारता मारता गॅसही मोठा करतं.

ही कल्पना लोकांना पटवून दिली की त्यांचं वागणं कसं बदलतं, हेही तपासलं गेलंय. बुशमन, बॉमाइस्टर आणि स्टॅक यांनी 1999 साली काही विद्यार्थ्यांना एक बनावट बातमी वाचायला दिली. राग निर्जीव वस्तूवर काढणं हितकारक असतं, असं त्यात म्हटलं होतं. ती वाचल्यावर डिवचलेल्या विद्यार्थ्यांना पोतं बडवावंसं जास्त वाटलं. पण पोतं बडवूनसुद्धा नंतर ते अधिक आक्रमक वागले. वाटेल ते मनाने घेतलं की गुण येतो, ही औषधाबद्दलची आपली समजूत इथे लागू पडली नाही. आपल्या दारावरची पाटी मुलांना नेमका हाच विश्वास देते. म्हणून पोतं उतरवाल तेव्हा पाटीही उतरवा, असं मला वाटतं.

मग मुलाने राग गिळायचा का? अजिबात नाही. हे मी ठासून सांगते, कारण माझ्या या म्हणण्याचा सोयीस्कर अर्थ काही मोठी माणसं लगेच काढतील. एखाद्या मुलीच्या डब्याची रोज चेष्टा होत असेल, कोणी कोणाला जातीवरून बोलत असेल, तर तिथे राग येणं बरोबरच आहे आणि त्या रागाचं कारण मोठ्यांनी दूर करायला हवं. पोत्याविरुद्धची माझी एक मोठी हरकत हीसुद्धा आहे की त्यामुळे तक्रार ऐकायची राहून जाते. मुलगा खोलीत गेला, मारून आला, वहीत खूण केली, प्रकरण मिटलं. पाती कोणी मोडली आणि का, हे आमच्या बाबतीत आजवर कोणी विचारलेलं नाही.

गिळणं आणि बडवणं यांच्या मध्ये काय आहे, हे लहान मुलांवरच्याच एका जुन्या प्रयोगात सापडतं. 1966 साली मलिक आणि मॅककँडलेस यांनी तिसरीतल्या मुलांना ठोकळे रचण्याचं काम दिलं होतं. वेळेत झालं तर थोडे पैसे मिळणार होते. मदतीला म्हणून बसवलेला मोठा मुलगा मुद्दाम घोटाळे करत राहिला, आणि काम फसलं. मुलं चिडली. काही मुलांना मग खेळण्यातल्या बंदुकीने निशाणे मारायला दिले. काहींशी नुसत्या गप्पा मारल्या. आणि काहींना सांगितलं की तो मुलगा आज दमलेला होता, त्याचं मन ठिकाणावर नव्हतं. नंतर प्रत्येकाला एक बटण दिलं, ज्याने त्या मोठ्या मुलाला त्रास देता येईल असं त्यांना वाटत होतं. बंदूक चालवणाऱ्यांचा राग कमी झाला नाही. नुसत्या गप्पांनीही नाही. ज्यांना कारण कळलं होतं त्यांनी ते बटण कमी वेळा दाबलं.

मला हा प्रयोग फार आवडतो. कारण त्यात मुलाला आपला राग चुकीचा आहे असं कोणी सांगत नाही. त्याला फक्त समोरच्याच्या बाजूची एक गोष्ट कळते, आणि रागाखालचा गॅस आपोआप मंद होतो. पण ही गोष्ट खरी असायला हवी आणि शरीर थोडं निवल्यावर सांगायला हवी. लालबुंद झालेल्या मुलाला 'अरे, तो दमला असेल' असं सांगून पाहा, तो आपल्यावरच उखडेल.

नुसत्या गप्पांवरून आठवलं. समुपदेशक मॅडमसमोर मुलाने मन मोकळं करणं हे पोत्यापेक्षा बरंच आहे, पण त्यातही एक खाचखळगा आहे. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एबेसन, डंकन आणि कोनेच्नी यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोमध्ये विमान-उद्योगातून नोकरी गेलेल्या अभियंत्यांच्या मुलाखती घेतल्या. काहींना कंपनीने तुमच्याशी काय वाईट केलं ते विचारलं, काहींना वरिष्ठांबद्दल, काहींना स्वतःबद्दल. नंतर त्यांची मतं लेखी घेतली. ज्यांनी कंपनीवर तोंडसुख घेतलं होतं ते कंपनीवर अधिक चिडलेले निघाले, ज्यांनी वरिष्ठांवर घेतलं ते वरिष्ठांवर. म्हणजे तोंडानेही उगाळता येतं. 'आणखी काय केलं त्याने? मग तुला कसं वाटलं?' एवढंच विचारत राहिलं तर बाईंची खुर्ची म्हणजे दुसरं पोतं होईल. 'आता याचं काय करायला हवं, तुला काय हवंय' या प्रश्नापर्यंत बोलणं पोचायला हवं.

आता त्या खोलीचं काय करता येईल ते सांगते. 2024 साली सोफी क्यारविक आणि बुशमन यांनी 154 अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. सगळे मिळून 10,189 माणसं होती. शरीराची धडधड वाढवणाऱ्या गोष्टी त्यांनी एका बाजूला घेतल्या आणि कमी करणाऱ्या दुसऱ्या बाजूला. सावकाश श्वसन, स्नायू शिथिल करणं, ध्यान, योग यांनी राग आणि आक्रमकता दोन्ही लक्षणीय कमी झाल्या. धडधड वाढवणाऱ्या गोष्टींचा एकत्र परिणाम जवळजवळ शून्य होता. पळण्याने तर राग उलट वाढलेला दिसला. चेंडूच्या खेळांनी थोडा कमी झाला, बहुधा त्यात मजा असते आणि गडी सोबत असतात म्हणून. इथे पी. टी. च्या सरांनी गैरसमज करून घेऊ नये. पळणं हृदयासाठी उत्तमच आहे, आणि मुष्टियुद्ध हा खेळ म्हणून शिकवायला माझी काहीच हरकत नाही. ते रागाच्या भरात, रागावरचं औषध म्हणून देऊ नका, एवढंच म्हणते.

त्या दोन गाद्या भिंतीवरून काढून खाली अंथरा. चिडलेला मुलगा आला की पहिली पाच मिनिटं त्याला काहीही विचारू नका. शवासन मुलांना योगदिनामुळे येतं. आडवं व्हायचं, श्वास नाकाने सावकाश घ्यायचा आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडायचा. चारपर्यंत मोजत घेतला तर सहापर्यंत मोजत सोडायचा. चुळबुळ्या मुलांना नुसतं पडून राहणं जमत नाही आणि डोळे मिटले की तोच प्रसंग दिसायला लागतो. त्यांना मुठी पाच सेकंद घट्ट आवळायला सांगा आणि एकदम सैल सोडायला. मग खांदे, मग चेहरा, मग पाय. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरने शंभर वर्षांपूर्वी बसवलेली ही पद्धत आहे. मुलांना ती आवडते, कारण त्यात काहीतरी 'करायला' मिळतं आणि लक्ष स्नायूंकडे राहतं. वीस मुलांपैकी दोघांना यातलं काहीच जमणार नाही. त्यांना नुसतं बसू द्या, चित्र रंगवू द्या. बसून राहिलेला गट काय करून गेला ते वर सांगितलंच आहे.

मूल निवलं की नाही, हे त्याला विचारून कळत नाही. बोटं मनगटावर ठेवून नाडी पाहणं सातवीच्या मुलाला शिकवता येतं. आल्यावर अर्धा मिनिट मोजायची, जाण्याआधी पुन्हा मोजायची. आवाज खाली आला का, वाक्यं पूर्ण होतायत का, 'नेहमीच', 'मुद्दामच', 'सगळेच' हे शब्द कमी झाले का, तेही बाईंना ऐकू येईल. तोवर त्याला वर्गात पाठवू नये. आणि मग बसून विचारायचं : काय झालं, तुला काय हवंय, त्याची बाजू ऐकायची का. दुसऱ्या मुलालाही बोलवायचं. आमच्या बाबतीत पवनचक्कीला नवी पाती करून द्यायला तो मुलगा कदाचित तयारही झाला असता. पुठ्ठा आणि दोन टाचण्यांचं तर काम होतं.

पोतं लगेच काढणं अवघड असेल तर किमान नावाचा कागद आजपासून बंद करा. त्यासाठी बैठकीची गरज नाही, ठरावाची नाही, खर्चाची तर नाहीच.

येत्या पालकसभेत हा विषय घ्यावा अशी माझी विनंती आहे. वर सांगितलेल्या अभ्यासांचा गोषवारा मी मराठीत करून आणते. गाद्यांना नव्या खोळी शिवून द्यायला आमच्या इमारतीतल्या दोन आज्या तयार आहेत, त्यांना मी विचारून ठेवलंय. आणि शनिवारी अर्धी शाळा असते तेव्हा पहिले दोन महिने मी स्वतः त्या खोलीत बसायला येईन.

आपली,
सातवीतल्या एका विद्यार्थ्याची आई